खोबरेल दाट, तरी पाण्यावर: शिक्षकाच्या दोन भाषांचं काय करायचं?

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरी तालुक्यांतली अनेक मुलं चौथीपर्यंत मराठी शाळेत शिकतात आणि पाचवीपासून त्यांची विज्ञानाची पुस्तकं इंग्रजी होतात. घरी मराठी किंवा कोकणी, फळ्यावर इंग्रजी. शिक्षक साहजिकच दोन्हीकडे ये-जा करतात. त्याने विज्ञान जास्त समजतं की कमी, हे पाहायला ‘डेन्सिटी’ हा एकच शब्द पुरेसा आहे.

फळ्यावर व्याख्या लिहिलेली असते. शिक्षक सांगतात, “डेन्सिटी म्हणजे घनता, म्हणजे दाटपणा.” वर्ग मान हलवतो. पण घरात दाट असते ती आमटी, दाट असते काकवी. हळू वाहतं ते दाट. खोबरेल तेलही पाण्यापेक्षा हळू ओघळतं. मग मुलाचा हिशेब सरळ असतो: तेल दाट, म्हणून त्याची डेन्सिटी जास्त, म्हणून ते खाली बसेल. ग्लासात तेल ओतलं की ते वर येतं. मुलाला वाटतं, आपलं गणित चुकलं. खरं तर गणित बरोबर होतं, शब्दाने दगा दिला. हळू वाहणं ही व्हिस्कॉसिटी. तिचा डेन्सिटीशी थेट संबंध नाही.

म्हणून दाट हा शब्द टाकून द्यायचा का? नाही. त्याचा आणखी एक अर्थ घरातच आहे: दाट केस, दाट रान. तेवढ्याच जागेत जास्त झाडं. हा अर्थ डेन्सिटीच्या अगदी जवळ जातो. शिक्षकाने मुद्दाम म्हणायला हवं, “आमटीतला दाट नको, रानातला दाट घ्या.” घरच्या भाषेची खरी ताकद इथे दिसते. हा फरक इंग्रजीत समजावायला बसलं तर पाचवी-सहावीच्या मुलाची सगळी शक्ती वाक्य उलगडण्यातच जाईल.

मग वजनकाटा काढायचा. मोजपात्रात 100 मिलिलिटर पाणी घ्या, पात्राचं वजन वजा करा: साधारण 100 ग्रॅम. 100 मिलिलिटर खोबरेल: साधारण 92 ग्रॅम. भागाकार केला की पाण्याला 1, तेलाला 0.92. आता 200 मिलिलिटर तेल मोजा, 184 ग्रॅम भरेल. “हे तेल त्या 100 ग्रॅम पाण्यापेक्षा जड आहे. मग एकत्र ओतलं तर बुडेल?” अनेक मुलं हो म्हणतील, कारण ‘जड ते बुडतं’ हा समज घरून आलेला असतो. ओतून दाखवा. किती आहे याला महत्त्व नाही, तेवढ्याच जागेत किती मावलंय याला आहे. (तेल थंडीत थिजलेलं असेल तर आधी बाटली कोमट पाण्यात ठेवा, नाहीतर मोजमाप फसतं.)

इथवरची चर्चा मराठी-कोकणीतच होऊ द्यावी. इंग्रजी त्यानंतर, आणि तीही एकट्या शब्दाने नाही तर पूर्ण वाक्याने: ‘ऑइल फ्लोट्स बिकॉज इट्स डेन्सिटी इज लेस दॅन दॅट ऑफ वॉटर.’ मग तेलाऐवजी लाकूड, पाण्याऐवजी पारा घालून मुलांनी तसंच वाक्य स्वतः लिहायचं. एका भाषेत ऐकून-बोलून दुसऱ्या भाषेत मांडायची ही आखीव पद्धत वेल्समध्ये सेन विल्यम्स यांनी 1994 मध्ये मांडली. पुढे तिला ‘ट्रान्सलँग्वेजिंग’ हे इंग्रजी नाव मिळालं.

नुकसान होतं ते वेगळ्याच सवयीने: इंग्रजी वाक्य, लगेच त्याचं मराठी, पुन्हा इंग्रजी, पुन्हा मराठी. मराठी येणारच आहे हे कळलं की मूल इंग्रजी ऐकायचं सोडतं. तास समजल्यासारखा वाटतो आणि परीक्षेत पान कोरं राहतं. शिवाय वर्गात कन्नड किंवा हिंदी बोलणारी मुलं असतील तर लांबलेलं मराठी त्यांना बाहेरच ठेवतं. त्यांच्यासाठी काटा आणि ग्लास बोलायला हवेत.

अडचण कुठे आहे हे ओळखायला एकच प्रश्न दोनदा विचारावा: तोंडी घरच्या भाषेत, लेखी इंग्रजीत. तोंडी बरोबर, लेखी चूक असेल तर कल्पना पोहोचली आहे, वाक्यरचनेचा सराव हवा. दोन्ही चूक असतील तर पुन्हा वजनकाट्याकडे. सर्वांत फसवं उत्तर तिसरं: वहीत ‘मास पर युनिट व्हॉल्यूम’ अचूक लिहिलेलं, आणि तोंडी विचारलं तर “तेल दाट आहे, म्हणून डेन्सिटी जास्त.” या मुलाला लेखी परीक्षेत पूर्ण गुण मिळतात, म्हणून तोंडी प्रश्न त्याला आधी विचारायचा.