बंद जॉबवरचे तास: टाइमशीट तपासणीच्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

कारखान्यातला कामगार जॉब कार्डावर काम धरल्याची आणि सोडल्याची वेळ लिहायचा आणि टाइमकीपर ती गेटवरच्या पंचिंगशी ताडून पाहायचा. कार्ड ठोकायची घड्याळं अमेरिकेत १८९० च्या दशकात आली आणि पुढे आपल्याकडेही रुळली. दोन नोंदींत फरक दिसला की त्याच दिवशी विचारणा व्हायची. आजच्या तपासणीतले बहुतेक प्रश्न मात्र त्यानंतरचे आहेत. सॉफ्टवेअर कंपन्या तासांवर बिलं करू लागल्या, तेव्हा गेटवरची नोंद एचआरकडे राहिली आणि जॉबवरची प्रोजेक्ट मॅनेजरकडे गेली. या दोन नोंदी एकमेकींशी ताडून पाहणारा माणूसच उरला नाही.

१९९० च्या दशकाच्या शेवटी, वर्ष २००० च्या प्रश्नामुळे परदेशी कामं वाढली, तेव्हा पुण्या-मुंबईत आठवड्याची टाइमशीट सर्रास एक्सेलमध्ये भरली जाई. शुक्रवारी ती मॅनेजरला मेल व्हायची, त्याचं एका शब्दाचं उत्तर अकाउंट्सकडे जायचं आणि बिल निघायचं. एखादा माणूस दोन प्रोजेक्टांवर असला की त्याच्या दोन शीट दोन मॅनेजरांकडे जात. दोन्हींत मंगळवारी ८ तास असले तरी कोणालाच काही खटकत नसे, कारण १६ ही बेरीज कुणाच्याच समोर नव्हती. क्लायंटने दोन बिलं शेजारी ठेवली की मग ती दिसायची. म्हणून बेरीज प्रोजेक्टवार नाही, माणसागणिक करायची, आणि तीही मंजुरीआधी, हा या सगळ्या तपासणीतला पहिला खरा बदल होता.

२४ च्या वर गेलेली बेरीज कोणतंही सॉफ्टवेअर पकडतं. न पकडली जाणारी चूक बारीक असते. आपल्याकडे साडेसात तास हे सवयीने ७.३० असे लिहिले जातात. रकाना दशांशाचा असेल तर त्याचा अर्थ ७ तास १८ मिनिटं होतो. रोज १२ मिनिटं गळतात आणि पाच दिवसांत पूर्ण एक तास जातो, तरी बेरीज अगदी शक्य कोटीतली दिसते. जिथे नोंद पाव तासाच्या टप्प्यांनी करायची असते तिथे .३० हा आकडा मुळात येऊच शकत नाही. त्यामुळे ०, .२५, .५० आणि .७५ सोडून काहीही आलं तर शीट परत पाठवायची, एवढा साधा नियम कमाल मर्यादेपेक्षा जास्त चुका पकडतो.

एकावर एक चढलेल्या नोंदी शोधायच्या तर सुरुवात आणि शेवट दोन्ही वेळा लागतात. एक्सेलच्या काळात फक्त तास लिहिले जात, त्यामुळे ही तपासणी शक्यच नव्हती. वेबवरच्या टाइमशीट आल्यावर ती शक्य झाली. तिचा नियम एका ओळीचा आहे:

```
start1 < end2 AND start2 < end1
```

इथे `<=` वापरलं तर एक वाजता संपलेलं आणि एक वाजता सुरू झालेलं कामही चुकीचं ठरतं. रात्रपाळीसाठी वेळेबरोबर तारीख धरावी लागते, नाहीतर २२:०० ते ०६:०० ही नोंद उलटी दिसते. ऑनसाइट जाणाऱ्यांसाठी टाइम झोनही धरावा लागतो. जानेवारीत मुंबईहून रात्री दीडला निघालेला माणूस १६ तासांनी न्यू जर्सीला पोचतो, तेव्हा तिथे त्याच तारखेचे सकाळचे सात वाजलेले असतात. प्रवास ०१:३० ते १७:३० आणि काम ०९:०० ते १३:०० अशा दोन्ही नोंदी खऱ्या असतात, पण नुसती घड्याळाची वेळ पाहणाऱ्या तपासणीला त्या खोट्या वाटतात.

सगळ्यात जास्त ओढाताण झाली ती बंद जॉबवरून, म्हणजे हिशेबात बंद केलेल्या कामावर तास लिहू द्यायचे की नाही यावरून. जॉब एका दिवशी बंद होत नाही. आधी काम संपतं, मग शेवटचं बिल जातं, मग हिशेब मिटतो. एसएपी या कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये हा फरक पाळलेला आहे: `TECO` म्हणजे काम तांत्रिकदृष्ट्या पूर्ण, पण खर्च अजून चढवता येतो, `CLSD` झाल्यावर तो चढत नाही. घरच्या घरी बनवलेल्या अनेक टाइमशीट प्रणालींनी मात्र चालू किंवा बंद एवढी एकच खूण ठेवली आणि ती महिनाअखेरीला फायनान्सच्या हाती दिली. मग एक निर्णय झाला, जो तेव्हा कुणाला वादाचा वाटला नाही: कर्मचारी नोंद करतो त्या क्षणी जॉब बंद असेल तर नोंद नाकारायची. काम कोणत्या तारखेला झालं होतं ते पाहायचं नाही.

याचा परिणाम एका उदाहरणात दिसतो. जॉब ३१ मार्चला बंद झाला. एका इंजिनिअरने २७ मार्चला त्यावर ६ तास काम केलं होतं आणि २ एप्रिलला क्लायंटच्या फोनवरून २ तास दुरुस्ती केली. ४ एप्रिलला तो टाइमशीट भरतो. आजची खूण पाहणारी तपासणी दोन्ही नोंदी नाकारते. कामाची तारीख पाहणारी तपासणी ६ तास स्वीकारते आणि फक्त २ तास अडवते, जे वॉरंटीच्या कोडवर जायला हवेत. पहिल्या पद्धतीत इंजिनिअर काय करतो, हे या कामातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो आठही तास त्याच क्लायंटच्या चालू जॉबवर टाकतो. बेरीज बरोबर असते, कुठे नोंदी चढत नाहीत, जॉबही चालू असतो, म्हणून शीट मंजूर होते. जुना जॉब प्रत्यक्षापेक्षा स्वस्त दिसतो आणि पुढचं एस्टिमेट त्याच आकड्यांवर बांधलं जातं. चूक पकडायला लावलेला नियमच चुकीची नोंद तयार करतो, आणि म्हणून मला तो निर्णय सरळ चुकीचा वाटतो.

फायनान्सची बाजू पोकळ नव्हती. महिन्याची पुस्तकं ठरल्या दिवसांत मिटवायची, दाखवलेला नफा नंतर हलू द्यायचा नाही, हे त्यांचं कामच आहे. पण त्यासाठी माणसाची नोंद अडवायची गरज नव्हती. कामाची तारीख २७ मार्च ठेवून खर्च एप्रिलच्या पुस्तकात चढवता येतो आणि वर्षअखेरीला न आलेल्या तासांची तरतूद करता येते. पुढे काही ठिकाणी जॉबला दोन तारखा दिल्या गेल्या: काम करायची शेवटची आणि नोंद करायची शेवटची. दोन्हींमध्ये दोन-तीन आठवडे ठेवले की बहुतेक उशिरा आलेले तास आपल्या जागी बसतात.

चूक दुरुस्त कोणी करायची, याचं उत्तर अमेरिकी सरकारी कंत्राटांकडून आलं. तिथे खर्च भरून मिळायचा तर तास रोजच्या रोज आणि सगळे लिहायचे, पगार न मिळालेला ओव्हरटाइमही. दुरुस्ती ज्याची त्याने करायची आणि मूळ आकडा दिसत राहिला पाहिजे. आपल्याकडे मॅनेजर शुक्रवारी संध्याकाळी स्वतःच ९ चे ८ करून मोकळे होत. तपासणी मंजुरीच्या आधी आणल्यावर शीट कारणासह कर्मचाऱ्याकडे परत जाऊ लागली आणि हे कमी झालं.

२०२० नंतर घरून काम सुरू झालं, दिवसाचे तुकडे पडले आणि रात्री अकराच्या नोंदी नेहमीच्या झाल्या. कामाच्या वेळेबाहेरची नोंद संशयास्पद मानणारे नियम अनेकांना काढावे लागले. बंद जॉबचा प्रश्न मात्र तसाच राहिला. त्यात आता एका नोंदीसाठी पुन्हा उघडलेल्या आणि नंतर कुणीच बंद न केलेल्या जॉबांची भर पडली आहे. त्यांच्यावर चढलेले तास कोणतीही तपासणी अडवत नाही, कारण तिच्या लेखी ते जॉब चालू आहेत.