दोनशे पानी वहीत पानं किती? वहीच्या यादीतल्या चार रकान्यांची पार्श्वभूमी

धुळ्यात आग्रा रोडच्या बाजूला आमच्या नात्यातलं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. गेली काही वर्षं तिथल्या मालाची ऑनलाइन यादी मी लिहितो. प्रत्येक वहीसमोर चार रकाने भरायचे असतात: पाकिटात नग किती, कागद किती जीएसएमचा म्हणजे किती वजनाचा, रेघ कोणती आणि वय काय. रकाने नवीन आहेत. दुकानात रोज बोलले जाणारे शब्द मात्र जुने आहेत, आणि जून उजाडला की सगळ्या तक्रारी या दोघांच्या मधल्या फटीतून येतात. त्या फटीची ही हकिकत.

आधी 'दोनशे पानी'. खानदेशात, आणि महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी, वही अशीच मागतात: शंभर पानी, दोनशे पानी. बाइंडरच्या तोंडी पान म्हणजे उलटायचं पान, ज्याला दोन बाजू असतात. पोराच्या तोंडी पान म्हणजे एक बाजू, म्हणजे पृष्ठ. दोनशे पानी वहीत पृष्ठंच मोजलेली असतात. पण आज या नावाने विकली जाणारी वही उलटून पाहिली, तर मागे १७२ किंवा १८४ छापलेलं सापडतं. कागद महागला की वहीची किंमत गोल आकड्यावर ठेवायची आणि आतले कागद थोडे काढायचे, असं होत होत आकडा इथवर उतरला. नाव तेवढं राहिलं.

हे आकडे इतके विचित्र का, याचं कारण बांधणीत आहे. मधोमध पिना मारलेल्या वहीत प्रत्येक कागद एकदा दुमडलेला असतो आणि त्याची चार पृष्ठं होतात. म्हणून अशा वहीच्या पृष्ठांना नेहमी चाराने भाग जातो. ७६, ९२, १४०, १७२, १८४ यांतला कुठलाही आकडा घ्या, चाराने भागतो. यादीत पिनेच्या वहीपुढे १७० किंवा १९० दिसलं तर ते कुणीतरी अंदाजाने लिहिलंय, हे वही न बघताही सांगता येतं. आकडा बरोबर असला तरी एक गोष्ट तपासावी लागते. काही वह्यांवर बारीक अक्षरांत 'मुखपृष्ठासह' असं असतं. तिथे कव्हरच्या चारही बाजू पृष्ठांत धरलेल्या असतात.

दुसरा रकाना कागदाच्या वजनाचा. जुना कागद तावावर, दस्त्यावर आणि रीमवर विकला जायचा. २४ तावांचा एक दस्ता आणि २० दस्त्यांचं एक रीम, म्हणजे ४८० ताव. पुढे ५०० तावांचं रीम रुळलं. जाडी सांगायची तर 'अमक्या मापाचं, इतक्या पौंडांचं रीम' असं सांगत. त्यात अडचण अशी होती की वजनाचा आकडा मापाशिवाय निरर्थक. डबल क्राउनचा ताव लहान, डबल डेमीचा मोठा. दोन्ही रीम सारख्याच पौंडांची असली तर डेमीचा कागद पातळ निघायचा. व्यापाऱ्याला हे तोंडपाठ असे, गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि एक चौरस मीटर कागदाचं वजन ग्रॅममध्ये सांगायची रीत बसत गेली. तोच जीएसएम. माप कोणतंही असो, आकडा तोच राहतो. ए-फोर कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, त्यामुळे ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅम भरतो आणि ५०० चं रीम अडीच किलो.

पाकिटावर काय छापायचं याचे नियम १९७७ साली आले, त्यांची जागा २०११ च्या नियमांनी घेतली. १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन विकणाऱ्यालाही नगांची संख्या, कमाल किरकोळ किंमत, बनवणाऱ्याचं नाव या गोष्टी यादीतच दाखवाव्या लागतात. आमचा पहिला रकाना त्यातूनच आला. तोवर दुकानात वही डझनाने चालायची. आता सहाचा पॅक आलाय आणि 'एक नग' म्हणजे एक वही की एक पॅक, हा घोळ रोजचा झालाय. बंद पाकिटांना सरसकट लागू असलेल्या या बाबींत कागदाचं वजन मात्र येत नाही. जीएसएम हा विकणाऱ्याच्या शब्दावर सोडलेला आकडा आहे.

म्हणून तो मी तोलून बघतो. गेल्या हंगामात एका घाऊक विक्रेत्याकडून सहाचे पॅक आले. लिहिलेलं होतं: दोनशे पानी, १७२ पृष्ठं, १८ बाय २४ सेंटिमीटर, ६० जीएसएम. शाईपेनाने दोन ओळी लिहिल्या, तर मागच्या बाजूला अक्षरं उमटली. काट्यावर सहा वह्या ठेवल्या, १,१७० ग्रॅम. म्हणजे एक वही १९५. एका वहीच्या पिना काढून कव्हर वेगळं तोललं, ते २० ग्रॅम निघालं. राहिला आतला कागद १७५ ग्रॅम. मग कागद मोजले. दुमडलेले ४२ होते, म्हणजे १६८ पृष्ठं. १७२ चा आकडा कव्हर धरून होता. ४२ दुमडलेल्या कागदांची उलटायची पानं ८४. एक पान १८ गुणिले २४, म्हणजे ४३२ चौरस सेंटिमीटर. ८४ पानांचे ३.६३ चौरस मीटर. १७५ ला ३.६३ ने भागलं की ४८ येतात. कागद ६० चा असता तर एक वही २३८ ग्रॅमच्या आसपास भरली असती आणि पॅक १,४२६ ग्रॅम. एका पॅकमागे पाव किलो कागद कमी होता.

या हिशेबाला मर्यादा आहे. कागद हवेतला ओलावा पितो. एप्रिल-मेच्या कोरड्या धुळ्यात तोललेली वही आणि पावसाळ्यात गोदामात पडून असलेली वही यांच्या वजनात थोडा फरक पडणारच. घरच्या काट्याचीही चूक असते. म्हणून दोन-तीन जीएसएम इकडेतिकडे झाले तर मी कुणाला दोष देत नाही. बारा जीएसएमचा फरक मात्र पावसाने पडत नाही. त्या वहीची यादी मी अशी लिहिली: '६ वह्यांचा १ पॅक, प्रत्येक वहीत लिहिण्याची १६८ पृष्ठं, कागद तोलून सुमारे ४८ जीएसएम, बॉलपेन व पेन्सिलसाठी, शाईपेनासाठी नाही.' विक्री कमी झाली, परत एकही वही आली नाही.

तिसरा रकाना रेघेचा, आणि मला सगळ्यात जवळचा. जुन्या पेढीच्या वहीवर रेघच नसायची. कागदाला घड्या घालून सळ पाडायचे आणि रकमा त्या सळांत उतरवायच्या. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेई आणि अक्षरं तिला लटकवत जाई, म्हणजे रेघ लिहिणाऱ्याच्याच हातात होती. शाळेच्या वहीत ती छापून येऊ लागली आणि मग कोणत्या लिपीसाठी कोणती रेघ, हा प्रश्न आला. देवनागरी अक्षर वरच्या रेघेला टांगलेलं असतं. खालची रेघ त्याला उंची देते, वेलांटी-मात्रा वर आणि उकार खाली जातात. त्याला दुरेघी पुरते. इंग्रजी अक्षर टांगलेलं नसतं, ते खालच्या रेघेवर उभं राहतं. h ची काठी वर जाते, g ची शेपटी खाली येते, a मधल्या पट्टीत बसतो. तीन पट्ट्यांना चार रेघा लागतात. म्हणून चौरेघी वही.

आता वयाकडे येतो, कारण तो रकाना या रेघेला बांधलेला आहे. २००० सालापर्यंत मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. चौरेघी वही हातात घेणारं पोरगं दहा वर्षांचं असायचं, त्याचा हात मराठीवर बसलेला असायचा. दोन रेघांमधली जागा अरुंद असली तरी त्याला चालायचं. २००० मध्ये राज्याने पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि तीच वही सहा वर्षांच्या मुलाच्या हातात गेली. त्याच्या बोटांना एवढ्याशा पट्टीत a काढता येत नाही. पेन्सिल रेघ ओलांडते आणि मग 'अक्षर वाईट' म्हणून त्याला बोलणी बसतात. रुंद पट्टीची चौरेघी मिळते, पण यादीत दोन्ही नुसत्या 'चौरेघी' म्हणून येतात. वयाच्या रकान्यात तर बहुतेक ठिकाणी '५ वर्षांपुढे' एवढंच असतं. ते पहिलीलाही लागू आणि दहावीलाही, म्हणजे कुणालाच नाही.

मी आता पट्टी लावतो. एका ओळीवरून मोजलं तर चूक होते, म्हणून लागोपाठ दहा ओळींचं अंतर घेऊन दहाने भागतो. मोठ्या मुलांच्या एकेरी वहीत ते साधारण ८ मिलिमीटर येतं. चौरेघीत मधल्या पट्टीची रुंदी वेगळी लिहितो आणि वयाऐवजी इयत्ता व विषय टाकतो.

हे मला एका आजीबाईंनी शिकवलं. शिरपूरकडच्या होत्या, नातवासाठी आल्या होत्या. मी त्यांना मुलाचं वय विचारलं. त्या म्हणाल्या, "पहिलीना पोऱ्या शे, इंग्रजीनी वही दे. जाड रेघनी." वय त्यांना नीटसं सांगता आलं नाही. वही मात्र मला लगेच काढून देता आली.