थिसेन बहुभुज आणि गावाचा पाऊस

‘थिसेन बहुभुज काढले की प्रत्येक गावाचा खरा पाऊस कळतो,’ असा एक समज आहे. थिसेन बहुभुज म्हणजे नकाशावरचा असा भाग, ज्यातली प्रत्येक जागा इतर कोणत्याही पर्जन्यमापकापेक्षा त्या भागातल्या मापकाला अधिक जवळ असते; त्या भागातल्या सगळ्या गावांना त्याच मापकाचा आकडा मिळतो.

१९११ साली मांडलेल्या या पद्धतीचा हेतू वेगळा होता: संपूर्ण खोऱ्याचा सरासरी पाऊस काढताना प्रत्येक पर्जन्यमापकाला किती वजन द्यावे, हे त्याच्या बहुभुजाच्या क्षेत्रफळावरून ठरवणे. शेजारच्या दोन मापकांना जोडणाऱ्या रेषेचा लंबदुभाजक ही त्यांच्यातील सीमा असते, आणि ती काढताना केवळ अंतर पाहिले जाते. डोंगर, उतार किंवा वाऱ्याची दिशा यांचा तिथे विचारच नसतो.

महाबळेश्वर आणि वाई एवढीच दोन मापके आहेत, असे समजू. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मि.मी.हून अधिक, तर वाईला १,००० मि.मी.पेक्षा कमी पाऊस पडतो. पाचगणी सरळ रेषेत महाबळेश्वरपासून सुमारे १५ आणि वाईपासून सुमारे १० किलोमीटरवर असल्याने ती वाईच्या बहुभुजात जाते आणि तिला वाईचाच आकडा मिळतो. प्रत्यक्षात, घाटमाथ्यावर असल्यामुळे, तिथला पाऊस वाईच्या दुपटीच्या जवळपास असतो.

पडताळणी घरीही करता येते. उपलब्ध मापकांपैकी एक वगळून बहुभुज पुन्हा काढावेत आणि वगळलेल्या जागी येणारा आकडा तिथल्या मोजलेल्या नोंदीशी ताडून पाहावा. सपाट प्रदेशात वार्षिक बेरजेतील फरक बहुधा थोडा निघतो, घाटाजवळ मात्र तो मोठा असतो.