परकीय चलनातील बाकी बिले: महिनाअखेरची पात्रता, कागदपत्रे आणि नोंद

पुरवठादाराचे डॉलरमधले बिल आपण ज्या दिवशी नोंदवतो, त्या दिवशीच्या दराने ते आपल्या चलनात उतरते. महिना संपताना बिल बाकी असेल आणि दर हलला असेल, तर देणे डॉलरमध्ये तेवढेच राहते, पण आपल्या चलनात बदललेले असते. हा फरक पैसे देण्याआधीच वहीत दाखवावा लागतो. त्यालाच अनरिअलाइज्ड विनिमय फरक म्हणतात. आंतरराष्ट्रीय मानक आयएएस २१ प्रमाणे अशी देणी अखेरच्या दिवसाच्या दराने मांडायची आणि फरक नफा-तोट्यात न्यायचा. मालाची किंमत मात्र बदलायची नाही.

कोणती बाकी पात्र?

कसोटी एकच: हे परकीय चलनात खरोखर चुकते करायचे आहे का? बाकी बिले, बिलाशी अजून न वळवलेल्या, म्हणजे बिलातून वजा न केलेल्या क्रेडिट नोटा आणि माल आला पण बिल आले नाही म्हणून केलेली तरतूद, हे सगळे त्यात बसते. पुरवठादाराला दिलेला आगाऊ बसत नाही, कारण त्याच्या बदल्यात पैसे नव्हे, माल येणार असतो. तो मूळ दरानेच राहतो. करार मोडून आगाऊ परत मिळणार असे ठरले, तर मात्र ते येणे होते आणि पात्र ठरते. आगाऊ आणि बिले एकाच खात्यात टाकण्याची सवय इथेच महागात पडते.

हाताशी काय हवे?

अखेरच्या तारखेची बिलवार बाकी यादी, मूळ चलन आणि मूळ दरासह. ही यादी नियंत्रण खात्याशी, म्हणजे सर्व पुरवठादारांची एकूण बाकी दाखवणाऱ्या खात्याशी, जुळलेली हवी. दुसरा कागद म्हणजे दराचा पुरावा: कोणत्या स्रोताचा, कोणत्या तारखेचा. स्रोत दर महिन्याला तोच ठेवा. सोयीचा दर शोधत फिरलात तर लेखापरीक्षक विचारणारच. येनसारख्या चलनाचा दर अनेकदा १०० नगांमागे दिलेला असतो, तो एका नगाचा समजून भरला की देणे शंभरपट दिसते.

यादी काढण्याआधी दिलेली रक्कम बिलाशी वळवून घ्या. वळवली नाही, तर बिल आणि रक्कम दोन्ही खुली दिसतात आणि जो फरक प्रत्यक्षात घडून गेला, तो अनरिअलाइज्ड म्हणून नोंदला जातो.

नोंद कशी होते?

समजा, १०,००० डॉलरचे बिल ८० रुपये दराने नोंदवले: देणे ८,००,०००. महिनाअखेरीस दर ८२, म्हणजे देणे ८,२०,०००. तोटा २०,०००:

```
विनिमय तोटा (अनरिअलाइज्ड)   नावे  २०,०००
  देणी पुनर्मूल्यांकन खाते      जमा  २०,०००
```

जमा बाजू पुरवठादाराच्या खात्यात नव्हे, वेगळ्या पुनर्मूल्यांकन खात्यात जाते. नाहीतर बिलवार यादी आणि नियंत्रण खाते कधीच जुळणार नाहीत. ताळेबंदात मात्र दोन्ही एकत्र दिसतात. मंजुरीसाठी व्हाउचरला यादी आणि दराचा पुरावा जोडा.

पुढच्या महिन्याच्या १ तारखेला ही नोंद पूर्ण उलटवायची. मग ४,००० डॉलर ८१.५० ने दिले: वहीतले ३,२०,०००, गेले ३,२६,०००, म्हणजे प्रत्यक्ष तोटा ६,०००. अखेरीस दर ८१, उरलेले ६,००० डॉलर: वहीत ४,८०,०००, नव्या दराने ४,८६,०००. अनरिअलाइज्ड तोटा ६,०००. दोन महिन्यांचा एकूण तोटा १२,००० झाला. पहिल्याच महिन्यात २०,००० दाखवले होते, म्हणून दुसऱ्या महिन्यात ८,००० नफा दिसतो. हे पाहून व्यवस्थापक दचकतात, पण नोंद बरोबर आहे.

उलटवायचे राहिले तर? पुनर्मूल्यांकन खात्यात जुने २०,००० तसेच राहतात, त्यावर नवे ६,००० चढतात आणि देणे ५,०६,००० होते. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की तपासणी आधी इथूनच सुरू करतो. पुरवठादार आणि पुनर्मूल्यांकन या दोन्ही खात्यांची बेरीज बाकी डॉलरने भागायची: ५,०६,००० भागिले ६,००० म्हणजे ८४.३३. असा दर त्या दोन महिन्यांत कधी नव्हताच. बरोबर नोंदीत उत्तर ८१ च यायला हवे. काही प्रणाली उलटवत नाहीत, मागच्या मूल्यांकनापासूनचाच फरक नोंदवतात. तीही रीत चालते, पण त्यावर हाताने उलट नोंद केली की पुन्हा घोळ. आपल्या प्रणालीची रीत कोणती, हे पहिल्या महिन्यालाच लिहून ठेवा आणि भागाकाराची तपासणी चलनागणिक वेगळी करा, कारण दोन चलनांच्या चुका एकमेकींना झाकू शकतात.