दाबचाचणी (मनगटी घड्याळाची)

क्वार्ट्झ घड्याळाचा सेल बदलल्यावर त्याचे कवच पुन्हा नीट बंद झाले आहे का, हे हवेच्या दाबाने पाहण्याची पद्धत. सेलसाठी मागचे झाकण उघडावेच लागते. त्याखालची बारीक रबरी रिंग काही वर्षांत दबून चपटी झालेली असते आणि एकदा हलली की पूर्वीसारखी बसेलच असे नाही. म्हणून घड्याळजी शक्यतो नवी रिंग घालतो, तिला सिलिकॉन ग्रीसचा हात लावतो आणि मग चाचणी घेतो.

पाण्यातल्या चाचणीत पट्टा काढून, चावी आत दाबून घड्याळ पारदर्शक नळकांड्यात पाण्याच्या वर टांगतात. पंपाने हवेचा दाब वाढवून काही मिनिटे थांबतात. कुठे फट असेल तर तेवढ्या वेळात दाबाची हवा आत शिरते. मग घड्याळ पाण्यात बुडवून दाब हळूहळू सोडतात आणि आतली हवा त्याच फटीतून बुडबुडे सोडू लागते. काठाला अडकलेल्या हवेचे चारदोन बुडबुडे सुटून थांबतात. एकाच जागेहून अखंड माळ निघाली तर ती गळती. माळ दिसताच, उरलेला दाब तसाच ठेवून घड्याळ पाण्याबाहेर ओढायचे. आतली हवा बाहेर पडतेय तोवर पाणी आत जात नाही; उशीर झाला तर चाचणीच घड्याळ भिजवते.

समजा 3 बारचे, म्हणजे तेवढ्या दाबापर्यंत जलरोधक म्हणून नोंदलेले, दाबून बसणाऱ्या झाकणाचे घड्याळ आहे आणि माळ सातच्या आकड्यामागून निघते. झाकण उघडल्यावर तिथे रिंग खाचेतून सरकून चिमटलेली सापडते. माळ चावीपाशी निघाली असती, तर दोष सेल बदलण्याच्या कामात नसून चावीच्या झिजलेल्या रिंगमध्ये असता. कोरड्या चाचणीचे यंत्र दाबाखाली कवच किती मायक्रॉन दबते आणि तसेच राहते का, एवढेच मोजते. त्यात घड्याळ भिजण्याची भीती नाही, पण गळती नेमकी कुठे हे कळत नाही.

उत्तीर्ण घड्याळाबद्दल एवढेच म्हणता येते की त्या दिवशी, त्या दाबाला, खोलीच्या तापमानात, स्थिर असताना ते गळले नाही. गरम पाण्याची अंघोळ, साबण, पाण्यात ओढलेली चावी किंवा पुढच्या वर्षी कडक होणारी रिंग यांची हमी त्यात नाही. ‘आता पोहायला चालेल ना?’ या गिऱ्हाइकाच्या प्रश्नाला 3 बारच्या घड्याळाबाबत उत्तर ‘नाही’ हेच.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. दमट हवेतच झाकण लावले, तर कवच पूर्ण हवाबंद असूनही ओल आत कोंडली जाते आणि दाबचाचणीला ती दिसत नाही. तिच्यासाठी घड्याळ 40 ते 45 अंश सेल्सियसपर्यंत तापवून काचेवर थंडसर पाण्याचा थेंब ठेवतात आणि मिनिटभराने पुसतात. काचेच्या आतल्या बाजूला वाफ धरली असेल, तर झाकण पुन्हा उघडून घड्याळ सुकवावे लागते.