‘प्रेशर नाही’ म्हणजे नेमकं काय: उंची कमी की वाट अडलेली?

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर उन्हाळ्यात एकच मेसेज येतो: ‘वरच्या मजल्यांना प्रेशर नाही, कमिटीने लक्ष द्यावे.’ दोन वर्षं कमिटीत होतो, म्हणून सांगतो, या मेसेजवर काहीच करता येत नाही. सचिव प्लंबरला बोलावतात, प्लंबर दुपारी येऊन नळ सोडून बघतो, ‘पाणी तर येतंय’ म्हणून निघून जातो. पुढच्या सभेत कुणीतरी मोठी टाकी बसवा म्हणतं. टाकी वीस हजार लिटरची असो की पन्नास हजारांची, दाबात त्याने फरक पडत नाही, तो पाण्याच्या पातळीच्या उंचीवर ठरतो.

टाकीत पाणीच नसणं ही वेगळी तक्रार, ती सगळ्यांना कळते. घोळ होतो तो टाकी भरलेली असताना. तेव्हा दोन कारणं असू शकतात आणि नळाची धार दोन्हींत सारखीच बारीक दिसते. एक, टाकी आपल्या नळापेक्षा फारशी उंच नाही. दोन, उंची पुरेशी आहे, पण पाण्याची वाट अडली आहे.

उंचीचा हिशेब सोपा आहे. दहा मीटर उंचीमागे साधारण एक किलो दाब, म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक किलो. आमच्या सात मजली इमारतीत टाकीतली पातळी सातव्या मजल्याच्या नळाच्या चार मीटर वर, म्हणजे ०.४ किलो. पहिल्या मजल्याला तीच टाकी २.२ किलो देते. वरच्या मजल्याला खालच्यासारखा शॉवर हवा असेल तर गच्चीवर प्रेशर पंप आणि वरच्या दोन मजल्यांची वेगळी लाइन, नाहीतर टाकीचा चौथरा उंच करणं, एवढेच उपाय.

आता लोक जिथे हमखास चुकतात ते. पाणी वाहत नसताना नळाला लावलेला दाबमापक, म्हणजे गेज, फक्त उंची दाखवतो. लाइन जवळजवळ पूर्ण तुंबलेली असली तरी सगळीकडचे नळ बंद असताना काटा तिथेच उभा राहतो. अडथळा दाब खातो तो पाणी वाहू लागल्यावरच. म्हणून दुपारी तीन वाजता एकच आकडा घेऊन ‘प्रेशर ठीक आहे’ म्हणणारा प्लंबर मला अजिबात चालत नाही. त्यात तो ० ते ७ किलोचा गेज आणतो, ज्यावर ०.४ धड वाचता येत नाही. ० ते १ किलोचा मागा.

मोजायचं दोनदा: दुपारी शांततेत आणि सकाळी साडेसातला, दोन्ही वेळा आपल्या घरातले सगळे नळ बंद ठेवून. सकाळचा आकडा दुपारइतकाच असेल आणि आपला नळ उघडल्यावरच कोसळत असेल, तर अडचण आपल्या घराच्या लाइनमध्ये: गंजलेला जीआय पाइप, अर्धवट बंद कॉक, कचरा अडकलेली जाळी. पण आपला नळ बंद असतानाच सकाळी काटा खाली आला, तर अडथळा सामाईक लाइनमध्ये आहे, कारण खालचे मजले पाणी ओढताहेत आणि वरून तेवढं उतरत नाही. अशा वेळी नळ उघडून तोंडावर अंगठा ठेवला तर तो मधूनमधून आत ओढलाही जातो. माझ्याकडे हेच होत होतं. एकेका फ्लॅटला पंप लावायला माझा ठाम विरोध आहे तो इथे: अडलेल्या लाइनवर पंप लावला की शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं.

शेवटी मी पाठवलेला मेसेज असा होता:

‘मा. सचिव, सातव्या मजल्यावर, बी विंग, स्वयंपाकघराच्या बाजूच्या लाइनला पाणी कमी आहे. टाकी दोन्ही वेळा भरलेली होती. घरातले नळ बंद ठेवून गेज: दुपारी ३ ला ०.४ किलो, सकाळी ७:३० ला ०.१ किलो. दहा लिटरची बादली दुपारी ६५ सेकंदांत, सकाळी चार मिनिटांत भरते. नळ मधूनमधून हवा ओढतो. टाकी धुतल्यापासून हे सुरू आहे. त्यामुळे अडथळा सामाईक डाउनटेकमध्ये, म्हणजे टाकीतून खाली उतरणाऱ्या पाइपमध्ये, बहुधा टाकीजवळ असावा. पंपाचं कोटेशन मागवण्याआधी गच्चीवरचा गेट व्हॉल्व्ह उघडून तपासावा, ही विनंती. सकाळी मी गच्चीवर थांबेन.’

उत्तर त्याच दिवशी आलं. व्हॉल्व्हचं चाक पूर्ण फिरत होतं, म्हणून तो उघडा आहे असं सगळे धरून चालले होते. प्लंबरने तो खोलला तेव्हा आतली पाटी दांड्यापासून सुटून वाटेत अर्धी अडकलेली निघाली. तिथे बॉल व्हॉल्व्ह बसवला, त्याचा दांडा पाइपाच्या रेषेत असला की तो उघडा असल्याचं लांबूनही दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला बादली ऐंशी सेकंदांत भरली. पंपाचा विषय सभेत आलाच नाही.