ईएफ ६२ टक्के, तरी काकांना दम का लागत होता?

माझे काका, म्हणजे मावशीचे मिस्टर, नौपाड्यात राहतात, वय ६४. रोज संध्याकाळी तलावपाळीला तीन फेऱ्या मारायचे. गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर दुसऱ्या फेरीतच कट्ट्यावर बसायला लागले आणि स्टेशनचा पूल चढताना मध्ये थांबायला लागले. मग कुठेतरी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घेतला आणि मावशीने मला व्हॉट्सॲपवर रिपोर्टचा फोटो पाठवला. "अगं, बासष्ट टक्के आलंय म्हणजे अडतीस टक्के हार्ट खराब आहे का? पण खाली तर नॉर्मल लिहिलंय, मग यांना दम का लागतो?"

मी गेली बारा वर्षं ठाण्यात इको करते आणि हे दोन्ही प्रश्न रोज ऐकते. पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसरा मात्र फार चांगला प्रश्न होता आणि त्यासाठीच हे लिहितेय.

आधी पहिला. ईएफ म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, आणि ते शंभरपैकी मिळालेले मार्क नाहीत. हृदयाचा डावा खालचा कप्पा, एलव्ही, रक्ताने पूर्ण भरतो तेव्हा त्यात समजा १०० मिली रक्त आहे, तो आवळला की त्यातलं साधारण ६० मिली बाहेर जातं आणि ४० आतच राहतं. बाहेर गेलेल्या भागाची टक्केवारी म्हणजे ईएफ. कप्पा पूर्ण रिकामा कधीच होत नाही, निरोगी माणसाचाही नाही. पुरुषांत ५२ ते ७२ आणि बायकांत ५४ ते ७४ नॉर्मल धरतात. आणि हा आकडा वजनकाट्यासारखा पक्का नसतो. बऱ्याचदा डॉक्टर डोळ्यांनी बघून अंदाज लिहितात, काही ठिकाणी एका रेषेवर मोजतात, आणि जास्त भरवशाची पद्धत म्हणजे दोन वेगवेगळ्या बाजूंनी कप्प्याची आतली कड आखून आकारमान काढायचं. त्यामुळे एकाच माणसाचा ईएफ एकीकडे ६० आणि दुसरीकडे ५५ आला तर हृदय खालावलंच असं नाही, पाच-सात टक्क्यांचा फरक मोजण्यातच येतो.

आता काकांचा प्रश्न. रिपोर्टमध्ये ईएफच्या खाली एक ओळ होती, मॉडरेट एमआर, एक्सेन्ट्रिक जेट. एमआर म्हणजे माइट्रल रिगर्जिटेशन, डाव्या बाजूच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यामधल्या व्हॉल्व्हची गळती. मावशीने ती ओळ वाचलीच नव्हती, कारण वर "नॉर्मल एलव्ही फंक्शन" असं ठळक अक्षरात होतं.

आपल्या सोसायटीतला पाण्याचा पंप डोळ्यासमोर आणा. खालच्या टाकीतून गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायचं आहे. पंप जोरात चालतोय, बाहेरही भरपूर पाणी फेकतोय, पण पंपाच्या जवळच पाइपला एक फट आहे आणि निम्म्याहून जास्त पाणी तिथूनच परत खालच्या टाकीत पडतंय. पंप किती पाणी फेकतो एवढंच मोजलं तर पंप उत्तम. गच्चीवर जाऊन बघितलं तर टाकी भरत नाहीये. ईएफ हा पंपापाशी घेतलेला हिशोब आहे. रक्त कप्प्यातून बाहेर गेलं एवढंच तो सांगतो, पुढे शरीरात गेलं की मागे गळलं हे त्याला कळत नाही!

आणि गोष्ट इथेच संपत नाही. पुढे महाधमनीत रक्त ढकलायला एलव्हीला बीपीइतका, म्हणजे १२० च्या आसपास दाब लावावा लागतो, आणि मागच्या वरच्या कप्प्यात दाब असतो त्याच्या जेमतेम दहावा भाग. गळती असली की रक्ताला मागची वाट फार सोपी पडते, कप्पा पटकन रिकामा होतो आणि ईएफ उलट छान दिसतो. म्हणून मोठी गळती असलेल्या माणसाचा ईएफ खरं तर ६० च्या बराच वर असायला हवा. तिथे ६० दिसला तर स्नायू थकायला लागलाय असं आम्ही समजतो. बाकी लोकांसाठी जो आकडा निवांत, तोच इथे धोक्याच्या रेषेवरचा. व्हॉल्व्हच्याच दोषामुळे सिव्हिअर गळती असेल तर त्रास नसतानाही ईएफ ६० किंवा कमी झाला, नाहीतर आवळलेल्या कप्प्याची रुंदी ४० मिमी किंवा जास्त झाली, की ऑपरेशनचा विचार करायचा असा नियम आहे. ही रुंदी रिपोर्टवर LVIDs या नावाने असते. काकांची ३८ होती, पण त्यांना त्रास तर होतच होता.

म्हणजे सगळं अडलं होतं एका शब्दावर. गळती खरंच मॉडरेट होती का?

गळतीचे ग्रेड ट्रिव्हिअल, माइल्ड, मॉडरेट, सिव्हिअर असे जातात, काही ठिकाणी एक ते चार आकडे लिहितात. ट्रिव्हिअल गळती धडधाकट माणसांतही सर्रास दिसते, ती वाचून झोप उडवून घेऊ नका. घोळ होतो तो मधल्या ग्रेडला. कलर डॉपलरमध्ये गळणारं रक्त रंगीत झोतासारखं दिसतं आणि घाईच्या ओपीडीत झोत किती मोठा दिसतो त्यावरून ग्रेड लिहिला जातो. झोत वरच्या कप्प्याच्या मधोमध जात असेल तर अंदाज साधारण जमतो. पण व्हॉल्व्हचा एक पडदा निसटून वर उलटत असेल तर झोत तिरका जातो आणि भिंतीला चिकटून वाहतो, आणि मग मशीनच्या स्क्रीनवर बारीक पट्टीसारखा दिसतो. रक्त भरपूर गळतंय पण रंग कमी. एक्सेन्ट्रिक जेट हा शब्द त्यासाठीच असतो, आणि त्याच्या शेजारी मॉडरेट लिहिलेलं दिसलं की मी तरी मोजल्याशिवाय पुढे जात नाही. मशीनवर रंगाची स्केल बदलली तरी झोत लहानमोठा होतो. बीपी कमी असेल तर गळतीही कमी दिसते, म्हणून इकोच्या वेळचं बीपी रिपोर्टवर लिहायलाच हवं. काकांच्या रिपोर्टवर ते नव्हतं, याचं मला खरंच वाईट वाटलं.

पण बाकीचे आकडे बोलत होते. वरचा डावा कप्पा ४६ मिमी, पुरुषांत तो साधारण ४० पर्यंत असतो. एलव्ही भरल्यावर ६० मिमी, नॉर्मल ५८ पर्यंत. छोटी गळती कप्पे असे ताणत नाही, त्यांना रोज जास्तीचं रक्त सांभाळावं लागतं तेव्हाच ते मोठे होतात, आणि काकांना कप्पे मोठे व्हायचं दुसरं काही कारण दिसत नव्हतं. मी त्यांना रविवारी बोलावून घेतलं आणि आरामात पाऊण तास इको केला.

एलव्ही भरल्यावर १७० मिली, आवळल्यावर ६५. म्हणजे प्रत्येक ठोक्याला १०५ मिली बाहेर, ईएफ ६२. आधीचा आकडा बरोबरच होता, त्यात कुणाची चूक नाही. मग मी गच्चीवरची टाकी बघितली. महाधमनीच्या व्हॉल्व्हच्या अगदी खाली जिथून रक्त शरीराकडे निघतं तिथला व्यास मोजला, १.९ सेमी, म्हणजे वाटेचं क्षेत्रफळ २.८ चौरस सेमी. डॉपलरवरून एका ठोक्यात रक्त तिथून किती अंतर पुढे सरकतं ते काढलं, १६ सेमी. दोन्हींचा गुणाकार ४५ मिली. तिथल्या व्हॉल्व्हला गळती नव्हती, म्हणजे एवढंच रक्त शरीराला मिळत होतं.

१०५ निघालं, ४५ पोचलं. ६० मिली प्रत्येक ठोक्याला मागे, म्हणजे ५७ टक्के. सिव्हिअरची रेषा आहे ६० मिली किंवा ५० टक्के. मावशी शेजारी बसली होती, तिला कागदावर ही वजाबाकी करून दाखवली तर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे अर्ध्यापेक्षा जास्त वायाच जातंय की गं."

या हिशोबालाही मर्यादा आहेत हे सांगायला हवं. १.९ च्या जागी व्यास २.१ मोजला गेला तर पुढे जाणारं रक्त ४५ ऐवजी ५५ निघतं, कारण व्यासाचा वर्ग होतो, आणि गळती ६० वरून ५० वर येते. म्हणून एकाच आकड्यावर ग्रेड ठरवत नाहीत. झोताची मान म्हणजे भोकापाशी तो जिथे सगळ्यात अरुंद असतो तीही मोजायची, ७ मिमी किंवा जास्त म्हणजे सिव्हिअर, काकांची ८ आली. सगळं एकाच दिशेने बोट दाखवत होतं. मग टीईई झाली, म्हणजे अन्ननलिकेतून नळी घालून केलेला इको. त्यात व्हॉल्व्हच्या मागच्या पडद्याला धरून ठेवणारा एक दोरा तुटलेला स्पष्ट दिसला. ठोक्यागणिक पडद्याचं टोक वरच्या कप्प्यात फडफडत होतं.

एक सांगते, हे सगळं व्हॉल्व्हच बिघडलाय अशा गळतीबद्दल आहे. ज्यांना आधी हार्ट अटॅक येऊन ईएफ ३०-३५ झालाय आणि कप्पा पसरल्यामुळे व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे आजार स्नायूचा असतो, औषधं आधी नीट लावतात, आणि वरचे ६० चे आणि ४० चे नियम त्यांना लावायचे नाहीत.

काकांचं ऑपरेशन झालं, व्हॉल्व्ह बदलला नाही, दुरुस्त करून रिंग बसवली. तीन महिन्यांनी इको केला आणि त्या संध्याकाळी मावशीचा घाबरून फोन, "अगं, त्रेपन्न आलंय! आधी बासष्ट होतं ना, मग ऑपरेशन करून उलट कमी झालं?"

होणारच होतं. मागची सोपी वाट बंद झाली, आता सगळं रक्त बीपीच्या दाबाविरुद्ध पुढेच ढकलायचं, म्हणून टक्केवारी उतरते. मी तिला आकडे वाचून दाखवले. कप्पा आता भरल्यावर ११५ मिली, आवळल्यावर ५४. बाहेर जातं ६१, आणि गळती ट्रिव्हिअल, म्हणजे जवळपास सगळं ६१ शरीराला. आधी मिळत होतं ४५.

ती थोडा वेळ गप्प होती. मग मागे वळून काकांना विचारलेलं मला फोनवर ऐकू आलं, "अहो, आज किती फेऱ्या झाल्या?"

"तीन," काका म्हणाले.